अध्ययन-वक्र परिणाम

एखाद्या कार्यशाळेत तेच काम पुन्हा पुन्हा होऊ लागले की दर नगामागे लागणारा श्रमाचा वेळ कमी होत जातो आणि ही घट बऱ्याच अंशी नियमबद्ध असते. या नियमबद्ध घटीला अध्ययन-वक्र परिणाम म्हणतात. कारखान्यांत आणि परिव्यय लेखापालांत ‘लर्निंग कर्व्ह’ हेच नाव जास्त चालते. अमेरिकी विमान-अभियंता थिओडोर पॉल राइट यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीच्या खर्चाचा अभ्यास करताना हा नियम प्रथम सूत्रात मांडला: आतापर्यंत तयार झालेल्या एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की सर्व नगांवरचा सरासरी श्रमकाळ आधीच्या सरासरीच्या ठरावीक टक्क्यांवर येतो. हा टक्का ८० असेल तर त्या वक्राला ‘८० टक्क्यांचा वक्र’ म्हणतात. टक्का जितका लहान, तितके शिकणे वेगवान.

वेळ नेमका कुठे वाचतो, हे जुळणीच्या टेबलाशी उभे राहिल्यावर दिसते. गिअरबॉक्सचा पहिला नग जुळवताना फिटर ड्रॉइंग उलगडतो, बेअरिंगवरचे झाकण बसवतो, शाफ्टची मागेपुढे होणारी चाल मोजतो आणि ती जास्त भरली की सगळे बोल्ट सोडून आत आणखी एक शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, घालतो. हा प्रकार कधी दोनदा, कधी तीनदा होतो. काही नगांनंतर तोच माणूस झाकण बसवण्याआधीच डेप्थ गेजने खोली मोजतो आणि योग्य जाडीचा शिम पहिल्या प्रयत्नात निवडतो. त्याचा हात फारसा वेगाने चालत नसतो. उलगडून पुन्हा बसवण्याचे काम तेवढे नाहीसे झालेले असते. त्याच्याबरोबर सभोवतालही शिकत असतो: हत्यारे कोणत्या क्रमाने लागतात ते ठरते, भाग जागच्या जागी धरून ठेवणारे एखादे फिक्स्चर तयार होते, ड्रॉइंगमधली चूक दुरुस्त होते. म्हणून या परिणामाला केवळ कामगाराचा सराव मानणे अपुरे आहे.

राइट यांचे सूत्र असे लिहितात:

```
Y = a × X^b
b = log(r) / log(2)
```

येथे `a` म्हणजे पहिल्या नगाचा वेळ, `X` म्हणजे एकूण नग, `Y` म्हणजे त्या सर्व नगांवरचा सरासरी वेळ आणि `r` म्हणजे वक्राचा टक्का दशांशात. ८० टक्क्यांसाठी `b` सुमारे -०.३२२ येतो.

समजा, त्या गिअरबॉक्सच्या पहिल्या नगाला १०० तास लागले आणि वक्र ८० टक्क्यांचा आहे. दोन नगांवर सरासरी ८० तास, चारांवर ६४ आणि आठांवर ५१.२ तास येते. सर्वाधिक गफलत येथेच होते. दुसऱ्या नगाला ८० तास लागले, असे याचा अर्थ लावला जातो. पण दोन नगांचे मिळून १६० तास झाले आणि त्यातले १०० पहिल्यानेच घेतले, म्हणजे दुसऱ्याला ६० तासच लागले. तसेच आठ नगांचे एकूण ४०९.६ तास होतात, पण आठव्या एकट्या नगाला सुमारे ३५.५ तास पुरतात. चार नग देऊन झाल्यावर आणखी चारांची मागणी आली, तर दर ५१.२ तासांवर बांधणे चुकीचे ठरेल. आठांच्या एकूण वेळेतून पहिल्या चारांचे २५६ तास वजा करावे लागतात, उरतात १५३.६, म्हणजे नगामागे ३८.४ तास. पुढच्या कामाचा वेळ नेहमी दोन एकूण वेळांच्या वजाबाकीतून काढायचा असतो.

या गफलतीला आणखी एक कारण आहे. जे. आर. क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या रीतीत तोच टक्का सरासरीला न लावता थेट त्या-त्या नगाच्या वेळेला लावतात. त्या रीतीने दुसऱ्या नगाला ८० आणि आठव्याला ५१.२ तास येतात. दोन्ही रीती वापरात आहेत, त्यामुळे ‘८० टक्के’ एवढेच सांगितले आणि रीत सांगितली नाही, तर तो आकडा निरुपयोगी समजावा.

टक्का दुसरीकडून उसना घेण्यापेक्षा स्वतःच्या जॉब कार्डांवरून काढणे केव्हाही चांगले. नगसंख्या आणि सरासरी वेळ दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढला, की वक्राची साधारण सरळ रेषा होते आणि तिच्या उतारावरून टक्का मिळतो. पहिल्या नगाची नोंद मात्र बारकाईने तपासावी. माल येण्याची वाट पाहण्यात गेलेले तास त्यात मिसळले असतील, तर पहिला वेळ फुगतो, वक्र आहे त्याहून तीव्र दिसतो आणि पुढच्या नगांचा अंदाज कमी निघतो. यंत्राच्या गतीने होणारा वेळही वेगळा काढावा, कारण ठरलेल्या वेगाने चालणारे यंत्र सरावाने वेगवान होत नाही. वरच्या १०० तासांपैकी ४० तास यंत्राचे असतील, तर वक्र उरलेल्या ६० तासांनाच लागू होतो आणि आठ नगांवरची सरासरी ५१.२ ऐवजी सुमारे ७०.७ तासांवर राहते.

ही घट अखंड चालत नाही. काही नगांनंतर वेळ जवळजवळ स्थिरावतो. त्या टप्प्यापुढे सूत्र ताणले, तर हाताला शक्य नाही इतका कमी वेळ कागदावर येतो.

कामात खंड पडला तर मिळवलेले कौशल्य काही अंशी पुसले जाते, आणि अंदाजपत्रकात हाच भाग बहुधा सुटतो. लॉकहीड कंपनीच्या एल-१०११ ट्रायस्टार विमानाचे उदाहरण अभ्यासकांत प्रसिद्ध आहे: १९७० च्या दशकाच्या मध्यात उत्पादन घटले, तेव्हा एका विमानामागचे श्रम आणखी कमी होण्याऐवजी वाढले. अर्थशास्त्रज्ञ लॅनियर बेंकार्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा संबंध अनुभव विसरला जाण्याशी जोडला.

आपल्या गिअरबॉक्सचे आठ नग झाल्यावर काम काही महिने थांबले, असे धरू. खंड पडला नसता, तर नवव्या नगाला सुमारे ३४ तास लागले असते आणि पुढच्या आठांना मिळून २४६. प्रत्यक्षात पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच नगाला ४५ तास लागले. वक्रावर हा वेळ चौथ्या नगाचा आहे, म्हणजे कार्यशाळा पाच पायऱ्या मागे सरकली आहे. आता पुढचे आठ नग वक्रावरच्या चौथ्यापासून अकराव्यापर्यंत मोजायचे. त्यांचा एकूण वेळ सुमारे २९८ तास येतो, आधीच्या अंदाजापेक्षा ५२ तास जास्त. किती पायऱ्या मागे जावे लागेल हे खंडाच्या लांबीइतकेच कोण टिकले यावर अवलंबून असते. फिक्स्चर आणि दुरुस्त केलेले ड्रॉइंग कपाटात सुरक्षित राहतात. आधी खोली मोजून मग शिम निवडण्याची रीत कोणी लिहून ठेवली नसेल, तर ती त्या फिटरबरोबर दुसऱ्या कामावर निघून जाते.