फसवी सर्व्हिस आणि लपवलेली सर्व्हिस: एक चालते, दुसरी का नाही

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा पलीकडे नेरुळ-खारघरला कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिस चालू असेल तर सर्व्हिसवरून वाद हा ठरलेला. एकजण म्हणतो "अरे तू बॉल लपवतोयस", दुसरा म्हणतो "लपवत नाहीये, तुला स्पिन वाचता येत नाही". आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघांनाही माहीत नसतं की या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याला सर्व्हिसमध्ये फसवणं हा खेळाचा भाग आहे, त्यासाठीच तर लोक तासन्‌तास सर्व्हिसची प्रॅक्टिस करतात. पण बॉलला बॅट लागते तो क्षण समोरच्यापासून झाकणं हा फॉल्ट आहे, पॉइंट सरळ समोरच्याला जातो.

आधी फसवी सर्व्हिस म्हणजे काय ते बघू, कारण तीच जास्त गैरसमजात अडकते. पेंडुलम सर्व्हिस घ्या, आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच मारतात. उजव्या हाताचा खेळाडू बॅकहँडच्या कोपऱ्यात आडवा उभा राहतो, बॅटचं टोक खाली, आणि मनगटातून बॅट उजवीकडून डावीकडे घड्याळाच्या लंबकासारखी फिरते. आता या एकाच झोक्यात बॅट आधी खाली जाते आणि मग वर येते. खाली जाताना बॉलच्या बुडाला घासली तर साइडस्पिनबरोबर बॅकस्पिन म्हणजे उलटी फिरकी, वर येताना बाजूला घासली तर साइडस्पिनबरोबर टॉपस्पिन म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी. झोका दिसायला तोच, फरक फक्त बॉल झोक्याच्या कुठल्या टप्प्यावर लागला याचा. चांगला सर्व्हर मुद्दाम बॅकस्पिन मारून झाल्यावर बॅट वर झटकतो म्हणजे समोरच्याला वाटावं की टॉपस्पिन आला, तो बॅट पुढे झुकवून मारायला जातो आणि बॉल नेटमध्ये. हे शंभर टक्के कायदेशीर आहे. चीनच्या मा लिनची घोस्ट सर्व्हिस पाहिली असेल तर आठवा, समोरच्या टेबलावर पडून बॉल परत नेटकडे यायचा इतका बॅकस्पिन, तरी ती वैध, कारण बॅट बॉलला कुठे आणि कशी लागली ते समोरच्याला बघायची पूर्ण संधी असते. बघून वाचता आलं नाही तर तो रिसीव्हरचा प्रश्न.

एवढंच काय, बॅट लपवलेली चालते. सर्व्हिसच्या आधी बॅट टेबलाखाली धरली किंवा अंगामागे नेली तर नियम काही म्हणत नाही, तो बॉलबद्दल बोलतो. सर्व्हिस सुरू झाल्यापासून बॅट लागेपर्यंत बॉल टेबलाच्या पातळीच्या वर पाहिजे, सर्व्हरच्या एंड लाइनच्या, म्हणजे टेबलाच्या त्याच्या बाजूच्या कडेच्या, मागे पाहिजे, आणि तो सर्व्हरने किंवा डबल्समध्ये त्याच्या पार्टनरने, किंवा त्यांच्या अंगावरच्या-हातातल्या कुठल्याही गोष्टीने रिसीव्हरपासून झाकलेला नको. म्हणजे हात, खांदा, डोकं, ढगळ टी-शर्ट, सगळं यात आलं.

आता तीच पेंडुलम लपवून कशी मारतात ते बघा. उजव्या हाताचा मुलगा, तसाच आडवा उभा, डाव्या तळहातावर बॉल. तो टॉस करतो, पण डावा हात बाजूला न घेता तसाच समोर दुमडून ठेवतो, कोपर नेटच्या दिशेला. बॉल वर जातो तो रिसीव्हरला दिसतो, खाली येताना कोपर आणि खांद्याच्या मागे गायब होतो, तिथेच पोटाजवळ बॅट लागते आणि बॉल एकदम शर्टामागून बाहेर आल्यासारखा दिसतो. रिसीव्हरने झोका पाहिला, बॅट वर झटकलेली पाहिली, फक्त मधला तो क्षण पाहिला नाही. आणि स्पिनची सगळी माहिती त्याच क्षणात असते. बॉल बॅटवर राहतो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, त्यानंतर टेबल पार करून येईपर्यंत सेकंदभरही मिळत नाही, आणि पांढऱ्या बॉलवर नुसत्या नजरेने स्पिन कुठला हे ओळखणं फार अवघड. म्हणजे रिसीव्हरकडे उरतो अंदाज. त्याची चूक नसताना तो बॉल उडवतो किंवा नेटमध्ये मारतो, आणि रॅली सुरू व्हायच्या आधीच संपते.

1990च्या दशकात हे टॉप लेव्हलला सर्रास चालायचं. मग इंटरनॅशनल टेबल टेनिस फेडरेशनने पाठोपाठ तीन मोठे बदल केले, 2000 मध्ये बॉल 38 वरून 40 मिलिमीटरचा केला, 2001 मध्ये गेम 21 वरून 11 पॉइंटचा केला आणि 2002 मध्ये ही लपवाछपवी बंद केली. माझ्या मते तिघांमधला सगळ्यात न्याय्य बदल तिसरा, कारण त्याने सर्व्हिसमधलं कौशल्य कमी केलं नाही, उलट खरं कौशल्य तेवढं शिल्लक ठेवलं.

कोणीतरी इथे हमखास म्हणतं की झहीर खान पण धावताना डाव्या हातावर उजवा हात ठेवून बॉल झाकायचा ना, मग तिथे चालतं आणि इथे का नाही. फरक असा की तिथे ग्रिप झाकलेली असते, पण बॉल हातातून सुटताना बॅट्समनला दिसतो आणि पुढे वीस यार्ड त्याला सीम बघायला मिळते. टेबल टेनिसमध्ये स्पिन तयार होते तीच जागा झाकली जाते आणि नंतर वाचण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून ग्रिप लपवण्याशी तुलना करायची तर ती बॅट टेबलाखाली धरण्याशी होईल, आणि ते आपल्याकडेही चालतंच.

हात काढायचा नियम जरा नीट समजून घ्यायला हवा कारण अर्धी भांडणं त्यावर होतात. बॉल हातातून सुटला की लगेच मोकळा हात, म्हणजे ज्या हाताने टॉस केला तो पूर्ण हात, बॉल आणि नेट यांच्या मधल्या जागेतून बाहेर काढायचा. ही जागा कशी बघायची, तर बॉलपासून नेटच्या दोन्ही टोकांपर्यंत दोन रेषा ओढा, जो त्रिकोण होईल तो रिकामा पाहिजे, आणि वर कितीही उंच गेलात तरी रिकामा पाहिजे. ही आखणी हुशारीची आहे. अंपायर आणि असिस्टंट अंपायर नेटच्या रेषेत दोन बाजूंना बसतात, ते काही रिसीव्हरच्या डोळ्यांतून बघू शकत नाहीत, पण त्रिकोणात हात आहे का हे त्यांना कळू शकतं. त्यामुळे "पण समोरच्याला बॉल दिसत होता की" हा बचाव चालत नाही, हात मधे राहिला तर तेवढ्यानेच फॉल्ट.

टॉसची उंची आणि उघडा तळहात हे नियम लोकांना वेगळे वाटतात, खरं तर ते याच गोष्टीसाठी आहेत. बॉल तळहात सोडल्यापासून किमान 16 सेंटीमीटर वर गेला पाहिजे आणि खाली येत असतानाच मारायचा. नेटची उंची 15.25 सेंटीमीटर, म्हणजे साधारण नेटएवढा टॉस, अंपायरला समोरच माप मिळतं. 16 वर आणि 16 खाली यायला मिळून साधारण 0.36 सेकंद लागतात, त्या वेळात रिसीव्हरची नजर बॉलवर स्थिर होते. हातातून बोटभर उचलून फटकन मारलेल्या सर्व्हिसमध्ये हा वेळच मिळत नाही. इथे एक चलाखी असते, बॉल जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर उडतो पण सर्व्हर लगेच हात झपकन खाली खेचतो, मग हात आणि बॉलमधलं अंतर मोठं दिसतं आणि टॉस उंच वाटतो. ते अंतर मोजायचं नाही, बॉल हातातून सुटला ती जागा आणि त्याची सगळ्यात वरची जागा, एवढंच मोजायचं.

टॉस जवळजवळ सरळ वर पाहिजे हे त्याहून महत्त्वाचं. पूर्वी 45 अंशांपर्यंत तिरकं चालायचं, आता उभ्या रेषेपासून अगदी थोडंसंच. कारण लपवणारे नेमकं इथेच सुरू करतात, बॉल मागे स्वतःच्या काखेकडे फेकायचा, मग हात वेळेत काढला तरी खांदा मधे येतोच. लहान मुलांचा टॉस सवयीने असा मागे जायला लागला असेल तर आत्ताच सुधारून घ्या, नाहीतर जिल्हा स्पर्धेत अंपायर पॉइंट समोरच्याला देईल आणि मूल गांगरून जाईल.

उघड्या तळहाताची गोष्ट जुनी आहे. 1930च्या दशकात काही अमेरिकन खेळाडू बोटांच्या चिमटीतून बॉलला आधीच जबरदस्त स्पिन देऊन मारायचे, समोरच्याला कळायचंच नाही की स्पिन बॅटची की बोटांची. ते बंद झालं. म्हणून आज बॉल उघड्या, स्थिर तळहातावर मोकळा ठेवायचा, मूठ नाही, चिमटी नाही, आणि टॉस करताना स्पिन द्यायची नाही.

निर्णय कसा होतो हेही बघा. सर्व्हिस स्पष्ट चुकीची असेल तर वॉर्निंग नसते, थेट पॉइंट जातो, पहिलाच बॉल असला तरी. अंपायरला फक्त शंका असेल तर मॅचमध्ये पहिल्यांदा तो खेळ थांबवून वॉर्निंग देऊ शकतो, पण त्यानंतर त्या खेळाडूची किंवा डबल्समधल्या त्याच्या पार्टनरची सर्व्हिस स्पष्टपणे वैध दिसली नाही तर फॉल्ट. म्हणजे पुढच्या वेळी शंकेचा फायदा सर्व्हरला नाही, सर्व्हिस बरोबर आहे हे दिसेल अशी मारणं ही त्याची जबाबदारी.

क्लबहाऊसमध्ये अंपायर नसतो, तिथे मोबाईल कामाला येतो. दोन फोन नेटच्या दोन्ही खांबांजवळ, सर्व्हिस मारणाऱ्याकडे तोंड करून, बॉलच्या साधारण उंचीला ठेवा आणि स्लो मोशनमध्ये दहा-बारा सर्व्हिस शूट करा. मग टॉसपासून बॅट लागेपर्यंत फ्रेम थांबवत बघा. एखाद्या फोनवर एका फ्रेममध्ये जरी बॉल कोपर, खांदा किंवा शर्टामागे गेला तर सर्व्हिस लपवलेली धरा. दोन्ही फोनवर बॉल सलग दिसतोय, हात मधे नाहीये, तरीही तुम्हाला टॉपस्पिन की बॅकस्पिन कळत नसेल, तर ती फसवी सर्व्हिस आहे, तक्रार करू नका. तोच व्हिडिओ परत लावून बॅट झोक्यात खाली जाताना लागली की वर येताना, ते शोधा, आणि पुढच्या वेळी तिथेच बघा, नंतरच्या झटक्याकडे नाही.