ऑप्शन ग्रीक्स : डेल्टा आणि थीटा

ऑप्शनचा प्रीमियम मूळ शेअरचा भाव, एक्स्पायरीला उरलेले दिवस, अपेक्षित अस्थिरता आणि व्याजदर यांवर ठरतो. यांपैकी एकच गोष्ट थोडी हलली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर प्रीमियम किती बदलेल हे सांगणाऱ्या मापांना ग्रीक्स म्हणतात. ती ब्लॅक-शोल्ससारख्या सूत्रातून काढलेली असतात, त्यामुळे सूत्राची गृहीतके त्यांनाही लागू होतात.

शेअर १ ने वर गेल्यास प्रीमियम किती बदलेल, हे डेल्टा सांगतो. कॉलचा डेल्टा ० ते १, पुटचा ० ते उणे १. भाव तसाच राहून एक दिवस सरला तर प्रीमियम किती झिजेल, हे थीटा सांगतो. विकत घेणाऱ्यासाठी तो बहुधा उणे असतो. खालचे आकडे चिन्ह सोडून दिले आहेत.

दिशा बरोबर ओळखूनही कॉल घेणाऱ्याला तोटा का होतो, याचे उत्तर ही दोन मापे एकत्र धरली की मिळते. समजा, शेअर १००० वर आहे, स्ट्राइक १०००, वार्षिक अस्थिरता २० टक्के आणि व्याज शून्य. ३० दिवस उरले असताना कॉलचा प्रीमियम सुमारे २२.९, डेल्टा ०.५१ आणि थीटा ०.३८ येतो. एका दिवसात शेअर १ ने चढला तर ०.५१ मिळतात, ०.३८ जातात, थोडे हाती उरते. आता पाचच दिवस उरले आहेत असे धरा. प्रीमियम ९.३, डेल्टा अजूनही जवळपास अर्धा, पण दिवसाची झीज एकच्या आसपास. शेअर तितकाच चढला, तरी प्रीमियम सुमारे ८.८७ वर उतरतो. नुसती झीज भरून निघायलाच शेअर दिवसाला सुमारे २ ने चढायला हवा.

एक्स्पायरी जवळ आली की थीटा वाढतो, असे सरसकट सांगितले जाते. ते ॲट द मनी, म्हणजे स्ट्राइक शेअरच्या भावाजवळ असलेल्या ऑप्शनपुरतेच खरे आहे. याच शेअरच्या १०५० च्या कॉलचा थीटा ३० दिवस असताना ०.२७ असतो आणि शेअर १००० वरच राहिला तर पाच दिवस उरताना ०.११ वर येतो, कारण तोवर प्रीमियममध्ये झिजण्याजोगे फारसे उरलेलेच नसते.

डेल्टा स्वतःही भावाबरोबर सरकतो. त्याच्या या बदलाचा वेग म्हणजे गॅमा. म्हणून मोठ्या उसळीत सकाळच्या डेल्टावर केलेला हिशेब चुकतो. प्रत्यक्ष बदलातून डेल्टा आणि थीटाचा वाटा वजा करून पाहावा. शेअर जेमतेम हललेला असूनही मोठी तफावत उरली, तर ती बहुतेक वेळा अपेक्षित अस्थिरता बदलल्याची असते; तो परिणाम मोजणाऱ्या ग्रीकला व्हेगा म्हणतात. कंपनीचे निकाल जाहीर झाल्यावर अपेक्षित अस्थिरता घसरते आणि शेअर वर, कॉल खाली, हे दृश्य त्यातूनच दिसते.