घामोळ्यावर पावडर: किती खरं?

"बाळाच्या मानेवर घामोळं आलंय. भरपूर पावडर थापली की बसेल ना?"

नाही. घामोळं येतं ते घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बुजल्यामुळे. घाम कातडीखालीच अडकतो, म्हणून ते लाल, टोचणारे पुरळ. मानेच्या वळीत पावडर घामात भिजून तिचा लगदा होतो; वळी उघडून पाहा, पांढरी रेघ दिसेल. तो लगदा कातडीला घासतो. शिवाय पावडर उडून बाळाच्या नाकात जाते, हा धोका वेगळाच.

त्यापेक्षा साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं मानेवर ठेवा. घासू नका. वळी टिपून कोरडी करा, पंख्याखाली मोकळी राहू द्या. कपाळावर घामोळं असेल तर डोक्याला तेल चोपडणं थांबवा. आजी रागावेल, पण तेलानेही तोंडं बुजतात. मोठ्यांना खाज सुटत असेल तर कॅलामाइन लोशन चालतं, डोळ्यांपासून दूर.

गारव्यात राहिलं की घामोळं साधारण दोन-तीन दिवसांत ओसरतं. पू, ताप किंवा दुखरी सूज दिसली तर डॉक्टरांकडे जा. कडा उठलेला गोल चट्टा बहुधा गजकर्णाचा. त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर तो आणखी पसरतो.