फ्रीजमधील प्रशीतन चक्र

प्रशीतन चक्र : फ्रीजच्या आतली उष्णता उचलून बाहेरच्या, आतल्याहून गरम असलेल्या हवेत नेऊन टाकण्यासाठी एकच द्रव्य बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवण्याची क्रिया. या द्रव्याला प्रशीतक म्हणतात. दुरुस्तीवाले आणि घरातली माणसे त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात, पण नळ्यांमध्ये कुठल्याही क्षणी त्याचा काही भाग द्रव असतो आणि काही वायू. सगळी युक्ती या दोन रूपांच्या अदलाबदलीत आहे. पुढील वर्णन एकदारी, पंखा नसलेल्या म्हणजे ‘डायरेक्ट कूल’ फ्रीजचे आहे. त्यात आयसोब्युटेन (आर-६००ए) हा गॅस असल्याचे धरले आहे. नव्या घरगुती फ्रीजमध्ये आज बहुधा तोच असतो.

मूळ तत्त्व माठाचेच. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते आणि पाणी गार होते. द्रवाचा वायू होताना तापमान न वाढता जी उष्णता शोषली जाते तिला अप्रकट उष्मा म्हणतात. माठाच्या दोन अडचणी आहेत. वाफ झालेले पाणी हवेत निघून जाते, म्हणून वरून भरत राहावे लागते; आणि हवाच दमट असली तर बाष्पीभवन मंदावते. म्हणूनच नागपूरच्या उन्हाळ्यात माठ जेवढा गार होतो तेवढा रत्नागिरीत होत नाही. फ्रीजमध्ये झालेली वाफ बंद नळीतच राहते, तिचा पुन्हा द्रव केला जातो आणि तो परत कामाला लागतो.

वाफेचा पुन्हा द्रव करायचा तर तिच्यातला अप्रकट उष्मा काढून घ्यावा लागतो, आणि तो स्वयंपाकघराच्या हवेलाच द्यायचा असतो. इथे पेच पडतो. फ्रीझरच्या भिंतीतला गॅस उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, तर बाहेरची हवा ३० अंशांवर असते. थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे उष्णता आपणहून जात नाही. पेच सुटतो तो दाबामुळे, कारण द्रवाचा उत्कलनांक दाबाबरोबर बदलतो. वातावरणाच्या दाबाला आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या जवळपास उकळते. दाब त्याच्या सहा-दशांशावर आणला की ते उणे २५ अंशांनाच उकळू लागते, आणि दाब सहा पट केला की ४५ अंशांनाही त्याची वाफ द्रव होते. म्हणजे नळीच्या एका भागात दाब कमी आणि दुसऱ्यात जास्त राखला, तर तोच गॅस एकीकडे उणे २५ अंशांना उष्णता घेईल आणि दुसरीकडे ४५ अंशांना ती देऊन टाकेल. ३० अंशांची हवा ४५ अंशांच्या नळीपेक्षा थंडच असते, तेव्हा तिथे उष्णता आपसूक बाहेर पडते.

हा फरक राखण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. फ्रीजच्या मागे खाली जो काळा, डब्यासारखा भाग घरघरतो, त्याच्या आत मोटर आणि दट्ट्या तेलासह कायमचे बंद केलेले असतात. तो फ्रीझरकडून येणारी वाफ ओढतो आणि सुमारे दहा पट दाबून पुढे ढकलतो. दाबताना वाफ बरीच तापते, त्यामुळे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीला हात लावला तर चटका बसू शकतो. पुढे ही वाफ कंडेन्सरमध्ये शिरते. जुन्या फ्रीजच्या पाठीवरची काळी जाळी म्हणजे कंडेन्सर. नव्यांत त्याच नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात. फ्रीजच्या कुशी गरम लागतात म्हणून तक्रार करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. पुष्कळ फ्रीजमध्ये ही गरम नळी दाराच्या चौकटीतूनही फिरवलेली असते, म्हणजे रबराच्या कडेला दव धरत नाही. कंडेन्सरमध्ये वाफ आधी ४५ अंशांपर्यंत निवते आणि मग त्याच तापमानाला राहून द्रव होत जाते. उष्णतेचा मोठा हिस्सा बाहेर पडतो तो इथे.

शेवटी कोमट द्रव उरतो. तो ओल शोषणाऱ्या छोट्या तांब्याच्या फिल्टरमधून कॅपिलरीत जातो. कॅपिलरी म्हणजे आतून जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंदीची, दोन-तीन मीटर लांब तांब्याची नळी. एवढ्या अरुंद वाटेतून जाताना दाब घसरत जातो. उरलेल्या दाबाला द्रव फारच गरम ठरतो, म्हणून त्याचा काही भाग लगेच उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतो. अशा रीतीने द्रव उणे २५ अंशांपर्यंत उतरतो. ‘गॅस पसरल्यामुळे थंड होतो’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. इथे जो भाग उकळतो तो फ्रीजमधल्या उष्णतेला हातही लावत नाही, स्वतःच्या भावंडांना गार करण्यातच खर्ची पडतो. ४५ अंशांचा द्रव तसाच सोडला तर चाळीस टक्क्यांहून अधिक आयसोब्युटेन असे वाया जाते. म्हणून कारखान्यात कॅपिलरी ही फ्रीझरकडून परतणाऱ्या थंड नळीला चिकटवतात. त्या नळीतली थंड वाफ द्रवाला वाटेतच गार करते आणि हा तोटा बराच कमी होतो. शिवाय वाफ थोडी गरम होऊन कॉम्प्रेसरकडे जाते, त्यामुळे न उकळलेला द्रव दट्ट्यापर्यंत पोचत नाही.

उरलेला थंड द्रव फ्रीझरच्या भिंतीत जातो. या फ्रीजमध्ये फ्रीझरचा डबा म्हणजेच इव्हॅपोरेटर : ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एकमेकांना जोडून, मधेमधे फुगवून त्यांच्यात वाटा केलेल्या असतात. द्रव त्या वाटांतून उकळत जातो, उष्णता घेतो आणि शेवटी सगळी वाफ होऊन कॉम्प्रेसरकडे निघतो. गार झालेली हवा जड होऊन खालच्या कप्प्यांवर उतरते, म्हणून फ्रीझर वर असतो.

एका लिटर पाण्याचा हिशेब मांडून पाहू. ३० अंशांचे पाणी ५ अंशांवर आणायला त्यातून सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. अशा फ्रीजमध्ये एक किलो आयसोब्युटेन एका फेरीत साधारण २५० किलोज्यूल उचलते, म्हणजे या कामाला ४२० ग्रॅम लागेल. नळ्यांत मात्र गॅस असतो चाळीसेक ग्रॅम, सिगारेट लायटरमध्ये असतो त्याच्या काही पट. तेव्हा तोच गॅस दहा-अकरा वेळा फिरतो. कॉम्प्रेसर सेकंदाला ०.४ ग्रॅम ढकलत असेल तर एक फेरी शंभरेक सेकंदांत होते आणि एकूण अठरा मिनिटे लागतात. बाटली प्रत्यक्षात गार व्हायला काही तास जातात, कारण स्थिर हवेतून आणि बाटलीच्या भिंतीतून उष्णता फार हळू निघते. शिवाय दाराच्या उघडझापीने आत आलेली उष्णताही काढायची असते. या अठरा मिनिटांत वीज लागते सुमारे ७० किलोज्यूल, म्हणजे युनिटचा पन्नासावा भाग. ही वीजही शेवटी उष्णताच होते, म्हणून मागून १०५ नव्हे तर १७५ किलोज्यूल बाहेर पडतात. उन्हाळ्यात फ्रीजचे दार उघडे टाकून स्वयंपाकघर गार करू पाहणाऱ्याचे घर तापते ते यामुळे.

वीज ७० आणि हललेली उष्णता १०५, म्हणजे दीडपट. उणे २५ ते ४५ अंश या अंतरासाठी निसर्गनियमाने घातलेली कमाल मर्यादा साडेतीन पट आहे. उरलेले घर्षणात, मोटरीत आणि कॅपिलरीत जाते. अंतर वाढले की मर्यादाही खाली येते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीची हवा ४३ अंशांवर गेली तर उष्णता टाकण्यासाठी कंडेन्सरला ६० अंशांच्या जवळ जावे लागते आणि त्यातला दाब वातावरणाच्या आठ पटींच्या वर चढतो. उष्णकटिबंधासाठीच्या ‘टी’ वर्गाचे फ्रीज ४३ अंशांपर्यंतच्या हवेचा विचार करून बनवतात. फ्रीज भिंतीला टेकवला किंवा जाळीवर धूळ साचली तर पुण्यातल्या फ्रीजचीही गत नागपूरच्या फ्रीजसारखी होते.

बिघाड ओळखण्याची पहिली जागा म्हणजे फ्रीझरचा पत्रा. गॅस पुरेसा असेल तर दव किंवा बर्फ सगळ्या पत्र्यावर सारखा धरतो. गॅस कमी झाला की द्रव अर्ध्या वाटेतच उकळून संपतो. मग कॅपिलरी जिथे शिरते त्या कोपऱ्यात बर्फ आणि बाकीचा पत्रा कोरडा, असे दिसते. कॉम्प्रेसर थांबतच नाही, मागची जाळी मात्र जेमतेम कोमट. जास्त गॅस भरला असेल तर उलट होते : परतीच्या नळीवर मागपर्यंत दव धरते. आत ओल राहिली असेल तर तिचे वागणे फसवे असते. कॅपिलरीच्या तोंडाशी पाण्याचा कण गोठतो, वाट बंद होते, फ्रीज थंड करेनासा होतो. बर्फ वितळला की पुन्हा सुरळीत. मेकॅनिक याला ‘मॉइश्चर चोक’ म्हणतात. आयसोब्युटेनच्या फ्रीजमध्ये हा धोका अधिक, कारण चालू असताना फ्रीझरकडचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तिथे बारीक भोक पडले तर गॅस निघण्याऐवजी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते.

ते भोक बहुतेक वेळा घरातच पडते. बर्फात रुतलेला ट्रे सोडवायला सुरीचे टोक खुपसले की ॲल्युमिनियमची पातळ वाट फुटते, ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि फ्रीज उबदार कपाट होऊन बसतो.

कॉम्प्रेसर थांबल्यावर काही मिनिटे ऐकू येणारी खळखळ मात्र बिघाड नव्हे. जास्त दाबाकडचा द्रव तेव्हा कॅपिलरीतून दुसरीकडे उतरत असतो आणि दोन्ही बाजूंचे दाब सारखे होत असतात. हे व्हायच्या आत, वीज जाऊन लगेच आल्यामुळे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होऊ पाहिला तर मोटरीला दाबाचा फरक झेपत नाही. ती गुरगुरते, ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच ‘टक्’ करून तिची वीज तोडतो, आणि हे चक्र दाब जुळेपर्यंत चालते. म्हणून फ्रीजच्या स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबण्याची सोय असते.

पूर्वी घरगुती फ्रीजमध्ये आर-१२ असे. त्यातला क्लोरीन ओझोन थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रिअल कराराने तो मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. आयसोब्युटेनला हे दोन्ही दोष जवळजवळ नाहीत. ते जळते, एवढेच. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा हा सख्खा भाऊ, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगीने पेटतो. प्रमाण चाळीस-पन्नास ग्रॅम असल्याने खुल्या खोलीत धोका थोडा. मात्र नळीत गॅस असताना तिथे ब्रेझिंगचा बर्नर लावता येत नाही. जाणता मेकॅनिक आधी खिडक्या उघडतो, गॅस बाहेर काढतो आणि नळीचे जोड ज्योतीऐवजी दाबून बसवायच्या कड्यांनी करतो.