पूर्वनिर्णय

एखाद्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला, तोच अर्थ पुढच्या तशाच खटल्यात धरून चालायचे, या तत्त्वाला पूर्वनिर्णयाचे तत्त्व म्हणतात. अशा निवाड्यांना कोर्टाच्या रोजच्या बोलीत 'केस लॉ' म्हणतात. ही पद्धत आपल्याकडे इंग्रजी अमलात रुजली, पण आज तिला संविधानाचा आधार आहे. अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या हद्दीतील खालच्या न्यायालयांना बांधतो. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा गोव्यातील न्यायाधीशालाही पाळावा लागतो. दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचा निवाडा युक्तिवादात दाखवता येतो, पण तो मानलाच पाहिजे असे नाही.

याची गरज का पडते, हे मोटार अपघाताच्या दाव्यांत फार स्पष्ट दिसते. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 168 न्यायाधिकरणाला 'न्याय्य' भरपाई द्यायला सांगते. न्याय्य म्हणजे किती, हे कलमात नाही. त्यामुळे प्रत्येक न्यायाधिकरण आपापल्या हिशोबाने रक्कम ठरवत असे आणि सारख्याच कुटुंबांच्या पदरात वेगवेगळी भरपाई पडे. 2009 मध्ये सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ही विसंगती ओळखून हिशोबाची पद्धत घालून दिली. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे.

एक उदाहरण घेऊ. 32 वर्षांचा शिंपी, महिन्याची कमाई 10,000 रुपये, मागे पत्नी आणि दोन मुले. वर्षाचे 1,20,000 रुपये, त्यातून एक तृतीयांश वजा केल्यावर 80,000, आणि या वयाचा गुणक 16. भरपाई होते 12,80,000 रुपये. पण तो जगला असता तर त्याची कमाई वाढली नसती का? सरला वर्माने अशी वाढ कायम नोकरी असलेल्यांना दिली होती. स्वयंरोजगार करणाऱ्यांना एरवी नाही.

पुढे घोटाळा झाला. 2 एप्रिल 2013 रोजी रेश्मा कुमारी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरला वर्माची भूमिका कायम ठेवली. दहाच दिवसांनी राजेश विरुद्ध राजबीर सिंग या खटल्यात तेवढ्याच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने स्वयंरोजगारवाल्यांनाही वाढ दिली. चाळिशीच्या आत 50 टक्के. त्या हिशोबाने शिंप्याच्या कुटुंबाला 19,20,000 रुपये मिळाले असते. दोन्ही पीठे समान, दोन्ही निवाडे सर्वोच्च न्यायालयाचे. न्यायाधिकरणाने ऐकायचे कोणाचे? दावेदाराचा वकील राजेश दाखवी, विमा कंपनीचा वकील रेश्मा कुमारी.

हा पेच 31 ऑक्टोबर 2017 रोजी प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सोडवला. समान संख्येच्या पीठाला आधीचा निर्णय पटला नाही, तर त्याने प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा. स्वतःच वेगळा कायदा सांगू नये. राजेश खटल्यातील पीठाने रेश्मा कुमारीची दखलच घेतली नव्हती, म्हणून तो निर्णय बंधनकारक पूर्वनिर्णय ठरत नाही, असे घटनापीठाने म्हटले. अनवधानाने दिलेल्या अशा निर्णयाला वकील 'पर इनक्युरियम' म्हणतात. निवाडा वाचायला घेताना तारखेबरोबर पीठावर किती न्यायमूर्ती होते, हे आधी पाहायचे ते यासाठी.

मात्र शिस्तीच्या मुद्द्यावर रेश्मा कुमारी वरचढ ठरली म्हणून शिंप्याचे कुटुंब हरले नाही. मोठे पीठ असल्याने घटनापीठाला मूळ प्रश्न नव्याने तपासता आला. महागाई वाढते तशी स्वतःचा धंदा करणाऱ्याची मजुरीही वाढते, हे मान्य करून त्याने चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारवाल्यांना 40 टक्के वाढ दिली. आता हिशोब असा: 1,68,000, वजावटीनंतर 1,12,000, गुणिले 16, म्हणजे 17,92,000 रुपये. अंत्यसंस्कार वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या. माझ्या मते पूर्वनिर्णयाची पद्धत कायद्याला जखडून ठेवते या आक्षेपाला याहून चांगले उत्तर नाही: बदल झाला, पण तो देशातल्या सगळ्या न्यायाधिकरणांसाठी एकदम झाला.

निवाड्यातील प्रत्येक वाक्य मात्र बंधनकारक नसते. निर्णय ज्या कारणावर उभा असतो, तो 'रेशो' तेवढा बांधतो. ओघात व्यक्त केलेले मत, म्हणजे 'ऑबिटर', तसे बांधत नाही. रेशो शोधताना तथ्ये आणि कारण यांची सांगड घालावी लागते. प्रणय सेठी हा मृत्यूच्या दाव्यांविषयीचा निर्णय. मग अपघातात हात गमावलेल्या, पण जिवंत असलेल्या तरुणाला ती 40 टक्के वाढ मिळेल का? तथ्ये वेगळी आहेत, एवढे म्हणून विमा कंपनीला निर्णय टाळता आला असता. पण कारण पाहिले तर भविष्यातली कमाई त्याचीही बुडाली आहे. 2020 मध्ये पप्पू देव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायमचे अपंगत्व आलेल्या तरुण टंकलेखकाला ती वाढ दिली.