हाताचा मांजर-कुत्रा दंश : जंतुसंसर्ग व प्रतिजैविके

मांजर किंवा कुत्रा हाताला चावल्यावर जखमेत होणारा जंतुसंसर्ग. रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताची लस आणि साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे हे उपचार सर्वपरिचित असल्याने येथे फक्त प्रतिजैविकांचा विचार केला आहे. रेबीजच्या धास्तीपुढे हा भाग दवाखान्यातही मागे पडतो.

संसर्गाला मुख्यतः जबाबदार असलेला जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा हा मांजर-कुत्र्यांच्या तोंडात निरोगी अवस्थेतही राहतो. त्याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः लुई पाश्चर यांना देतात, कारण १८८० च्या सुमारास त्यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यातून तो वाढवला. तथापि इटलीतील पेरोनचितो व फ्रान्समधील तूसँ यांनी त्याआधी, बहुधा १८७८-७९ मध्ये, तो पाहिला होता. त्यामुळे पाश्चर यांना शोधकर्ते म्हणण्यापेक्षा जंतूचा पद्धतशीर अभ्यास करणारे म्हणणे अधिक योग्य वाटते. प्रजातीला पाश्चर यांचे नाव त्रेव्हिसान यांनी १८८७ मध्ये दिले. ‘मल्टोसिडा’ म्हणजे अनेकांना मारणारा. गाई-म्हशींचा घटसर्प याच जातीमुळे होतो, मात्र त्याचे प्रकार वेगळे असतात. माणसांचा घटसर्प हा निराळाच रोग आहे.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत मांजराच्या दूषित दंशांपैकी सुमारे ७५ टक्के व कुत्र्याच्या सुमारे ५० टक्के जखमांत पाश्चुरेला गटातील जंतू सापडले. बहुतेक जखमांत त्यांच्यासोबत स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतूही होते. औषधाची निवड या मिश्रणावरून ठरते. पाश्चुरेला एकटाच असता तर साधे पेनिसिलीनही पुरले असते. पण सोबतचे काही जंतू पेनिसिलीन निकामी करणारे विकर तयार करतात. क्लॅव्हुलॅनिक आम्ल त्या विकराला अडवते, म्हणून अॅमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनेट ही पहिली निवड मानतात. प्रौढांना ६२५ मिग्रॅ. गोळी दिवसातून तीनदा किंवा १,००० मिग्रॅ. गोळी दोनदा देतात. शिरेतून द्यायचे झाल्यास अॅम्पिसिलीन-सल्बॅक्टम वापरतात.

नेहमीची चूक येथेच होते. त्वचेच्या संसर्गासाठी सवयीने लिहिली जाणारी सेफॅलेक्सिन, क्लॉक्सासिलीन, एरिथ्रोमायसिन किंवा क्लिंडामायसिन ही औषधे पाश्चुरेलावर भरवशाची नाहीत. पेनिसिलीनची खरी अॅलर्जी असल्यास डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल एकत्र देतात. गरोदरपणात व लहान मुलांत ही निवड तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावी.

मांजराचा दात सुईसारखा असतो. तो बोटाच्या पातळ त्वचेतून थेट सांध्यात किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेच्या आवरणात जंतू सोडतो आणि वरचे छिद्र मिटते. कुत्र्याच्या दंशात चिरडणे अधिक, म्हणून जखम भयंकर दिसते. मांजराची मात्र क्षुल्लक वाटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१४ मधील अहवालात हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांपैकी ५७ जणांना दाखल करावे लागले होते.

उदाहरणार्थ, रात्री नऊ वाजता तर्जनीच्या मुळाशी मांजर चावले आणि सकाळी बोट लाल, गरम व ठणकणारे झाले, असे समजू. चोवीस तासांच्या आत अशी लक्षणे दिसल्यास पाश्चुरेलाचा संशय प्रथम घ्यावा. याच वेळी योग्य औषध सुरू झाले आणि सूज जखमेपुरतीच असली, तर गोळ्यांवर भागण्याची शक्यता बरीच असते. सेफॅलेक्सिन घेऊन दोन दिवस गेले, तर बोट सर्व बाजूंनी सुजते, किंचित वाकलेले राहते, तळव्याकडील बाजूस कंडरेच्या रेषेवर दाबल्यास दुखते आणि दुसऱ्याने ते हलकेच सरळ करताच कळ येते. ही चार लक्षणे शिकागोचे शल्यविशारद कॅनव्हेल यांच्या नावाने ओळखली जातात. चारही दिसेपर्यंत थांबू नये, कारण दुसऱ्याने बोट सरळ करताना होणारी वेदना हीच बहुधा लवकर दिसते.

कंडरेचे आवरण ही बंद नळी असते. आत पू साचला की दाब वाढून कंडरेचा रक्तपुरवठा खुंटतो. मग कंडरा चिकटते किंवा सडते आणि बोट कायमचे ताठर होऊ शकते. अशा अवस्थेत औषध एकटे पुरत नाही. शस्त्रक्रिया करून आवरण धुवावे लागते. साध्या संसर्गात पाच ते दहा दिवसांची औषधयोजना पुरते, कंडरा-आवरणाला साधारण दोन ते तीन आठवडे, हाडाला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच हाताच्या, विशेषतः मांजराच्या खोल दंशात संसर्ग दिसण्यापूर्वीच तीन ते पाच दिवस औषध देण्याकडे कल आहे. मात्र त्यामागील पुरावा अपुरा असल्याचे काही अभ्यासक मानतात.

प्लीहा काढलेल्या किंवा अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तींत कुत्र्याच्या तोंडातील कॅप्नोसायटोफॅगा हा जंतू रक्तात पसरून प्राणघातक ठरू शकतो. त्यांच्या बाबतीत किरकोळ ओरखड्यालाही औषध देतात.