अलर्ट कोणत्या दराला बांधायचा: आयातदाराच्या डॉलर-पाळतीची पार्श्वभूमी

भिवंडीतला प्लास्टिक दाण्याचा एक मध्यम आयातदार डोळ्यांसमोर ठेवू. त्याने टनाला १,००० डॉलर भावाने १०० टन दाणा मागवला आहे, म्हणजे चार कंटेनर. बिल १ लाख डॉलरचं, पैसे ६० दिवसांनी द्यायचे. डॉलर एका पैशाने महागला की त्याचे १,००० रुपये जातात, एका रुपयाने महागला की १ लाख. कॉस्टिंग शीटवर त्याने डॉलरचा एक दर धरलेला असतो आणि त्याच दरावर पुढे गिऱ्हाइकांना भाव दिलेले असतात. हा दर म्हणजे त्याची खरेदीची मर्यादा. बाजार त्या मर्यादेपाशी आला की कुणीतरी त्याला हाक मारायची, एवढंच या अलर्टचं काम. पण बाजारात डॉलरचे एकाच वेळी निदान चार दर फिरत असतात. त्यातल्या कोणत्या दरावर हाक मारायची, हा वाद गेली पंधरा वर्षं चालू आहे, आणि त्यात चुकलेल्यांनी खरे पैसे गमावले आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९९२ पर्यंत दर ठरवला जाई आणि कळवला जाई. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला, जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं. असे धक्के एका रात्रीत येत, त्यामुळे पाळत ठेवूनही हाती काही लागत नसे. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आला, मार्च १९९३ पासून बाजाराचा एकच दर सुरू झाला आणि रोज दराकडे बघण्याला पहिल्यांदा अर्थ आला. बघायचं म्हणजे काय, तर सकाळी वर्तमानपत्रातला आदल्या दिवशीचा तक्ता आणि अकराच्या सुमारास बँकेत फोन. चालू भाव बँकांच्या डीलिंग रूममध्ये आणि महागड्या टर्मिनलवर दिसे, गोदामातल्या माणसाला तो विचारावा लागे. ऑगस्ट २००८ मध्ये मुंबईत चलनाचे वायदे सुरू झाले, १,००० डॉलरचा लॉट होता. त्यांचा मोठा उपयोग असा झाला की रुपया-डॉलरचा हलता आकडा साध्या संगणकावर दिसू लागला. बहुतेक आयातदारांनी त्या स्क्रीनवर कधी सौदा केला नाही, पण अलर्ट लावायला ते तिथेच शिकले.

तरीही बरेच जण चालू भाव सोडून, दिवसातून एकदा अधिकृतपणे जाहीर होणाऱ्या संदर्भ दराला चिकटले. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. हा दर फुकट मिळतो, दिवसाला एकच असतो, त्याच्यावर लेखापरीक्षक प्रश्न विचारत नाही आणि वायद्यांची अखेरची पूर्तताही त्याच दराने होते. म्हणून अनेक कंपन्यांच्या धोरणात एक वाक्य येऊन बसलं: ‘संदर्भ दर मर्यादेच्या वर गेल्यास कळवावे.’ माझ्या मते या विषयातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच.

संदर्भ दर हा हिशेबासाठी काढलेला दर आहे. पूर्वी दुपारी बाराच्या सुमारास काही निवडक बँकांना भाव विचारून त्यांची सरासरी काढत. २०१६ पासून साडेअकरा ते साडेबारा या तासातली कोणतीही पंधरा मिनिटं निवडून, त्या वेळात झालेल्या प्रत्यक्ष सौद्यांवरून तो काढू लागले. जुलै २०१८ मध्ये हे काम मध्यवर्ती बँकेकडून एका वेगळ्या संस्थेकडे गेलं. पद्धत सुधारत गेली, पण दोन गोष्टी तशाच राहिल्या. एक म्हणजे तो आपल्या हाती येतो तेव्हा त्यातला बाजार होऊन गेलेला असतो, कारण तो दीडच्या सुमारास जाहीर होतो. दुसरं म्हणजे त्या दराने आयातदाराला कुणी डॉलर विकत नाही. तो विकणाऱ्याच्या भावाने घेतो आणि वर बँकेचं मार्जिन देतो.

शांत दिवसांत हा फरक पाच-दहा पैशांत निभावून जातो. २०१३ च्या उन्हाळ्यात तो निभावला नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून रोखेखरेदी आटोपती घेण्याचा सूर निघाला आणि रुपया घसरू लागला. २७ ऑगस्टला बाजार ६६.२४ वर बंद झाला, २८ ऑगस्टला ६८.८० वर. एका दिवसात २५६ पैसे. ज्यांची मर्यादा ६७ होती आणि अलर्ट संदर्भ दरावर होता, त्यांना दुपारच्या जेवणानंतर कळलं की मर्यादा सकाळीच मागे पडली आहे. अनेकांनी घाबरून त्याच दुपारी वरच्या भावात डॉलर घेतले. त्या संध्याकाळी तेल कंपन्यांना थेट डॉलर देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने खास खिडकी उघडल्याची घोषणा झाली आणि २९ तारखेला रुपया २२५ पैशांनी सावरून ६६.५५ वर बंद झाला. आपल्या भिवंडीवाल्याने २८ च्या अखेरीस १ लाख डॉलर घेतले असते, तर चोवीस तासांत २ लाख २५ हजारांचा फरक पडला असता. अलर्ट उशिरा आला, आणि आल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. त्या आठवड्यात दोन्ही चुका एकत्र भोवल्या.

मग बरोबर दर कोणता? याचं उत्तर मर्यादेच्या व्याख्येतच दडलेलं आहे, आणि गोंधळही तिथेच होतो. समजा कॉस्टिंग शीटवर ८६ रुपये धरले आहेत. ते म्हणजे खात्यातून प्रत्यक्ष जाणारे रुपये. स्क्रीनवरचा ८६ म्हणजे स्पॉट, दोन दिवसांनी पोचणाऱ्या डॉलरचा, बँकांचा आपापसातला भाव. दोन्ही आकडे ८६ दिसतात, पण ते एक नव्हेत. साठ दिवसांनी लागणारे डॉलर आज फॉरवर्डने, म्हणजे आजच दर पक्का करून, बुक करायचे तर स्पॉटच्या वर प्रीमियम द्यावा लागतो. वर्षाला २ टक्के धरला तर ८६ रुपयांवर साठ दिवसांचा प्रीमियम साधारण २८ पैसे होतो. बँकेचं मार्जिन १० पैसे धरू. म्हणजे मर्यादा ८६.०० असेल तर घंटा स्पॉटच्या ८५.६२ ला वाजली पाहिजे, तीही विकणाऱ्याच्या भावावर. स्क्रीनवर ८६.०० ला अलर्ट लावलेल्या माणसाला तो वाजतो त्या क्षणी बुकिंगचा दर ८६.३८ असतो, आणि चार कंटेनरमागे ३८,००० रुपये आधीच गेलेले असतात. यात बाजाराचा काही दोष नाही, ही वजाबाकी आपणच करायची राहिलेली असते.

ही वजाबाकी एकदा करून भिंतीवर लावता येत नाही, कारण प्रीमियमही हलतो. जुलै २०१३ मध्ये रुपया सावरण्यासाठी अल्प मुदतीचा पैसा मुद्दाम महाग केला गेला आणि जवळच्या महिन्यांचे प्रीमियम झपाट्याने चढले. ६० रुपयांच्या डॉलरवर वर्षाला ८ टक्के प्रीमियम असेल, तर साठ दिवसांचे जवळजवळ ७९ पैसे होतात. म्हणजे स्पॉट जागच्या जागी असतानाही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि फक्त स्पॉटवर बांधलेला अलर्ट गप्प राहतो. म्हणून अलर्टचा आकडा रोज सकाळी नव्याने काढावा लागतो: मर्यादेतून, उरलेल्या दिवसांचा प्रीमियम आणि मार्जिन वजा करून. दिवस सरतात तसा प्रीमियम घटतो आणि घंटेचा आकडा हळूहळू मर्यादेकडे सरकतो. ६० दिवसांना ८५.६२ असलेला आकडा ३० दिवस उरले की ८५.७६ च्या आसपास येतो.

चौथा दर सीमाशुल्काचा. तो बराच काळ महिन्यातून दोनदा अधिसूचनेने यायचा आणि बिल ऑफ एंट्रीवरचं मूल्य त्यावरून ठरायचं. न्हावाशेव्याला माल सोडवताना हाच आकडा डोळ्यांसमोर येत असल्यामुळे कितीतरी जण त्यालाच ‘डॉलरचा रेट’ म्हणतात. शुल्काच्या हिशेबाला तो हवाच. पुरवठादाराच्या पैशांशी मात्र त्याचा संबंध नाही, आणि खरेदीचा अलर्ट त्यावर कधीच बांधू नये.

दुसरा वाद ‘ओलांडला’ या शब्दाचा. भावाने आकड्याला नुसता स्पर्श केला की ओलांडला, की दिवसअखेर त्याच्या वर बंद झाला की ओलांडला? स्पर्शावर लावलेला अलर्ट पातळ बाजारातल्या एखाद्या सौद्यानेही वाजतो. ८५.६२ च्या आसपास भाव रेंगाळला तर दिवसात वीस वेळा संदेश येतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस फोन गप्प करून टाकतो. बंद भावावर लावलेला अलर्ट शांत असतो, पण २८ ऑगस्टसारख्या दिवशी तो सगळं संपल्यावर येतो. व्यवहारात टिकलेला उपाय असा: भाव ८५.६२ च्या वर सलग पाच मिनिटं राहिला तर एकदाच वाजवायचं, आणि पुन्हा ८५.५० च्या खाली आल्याशिवाय दुसऱ्यांदा वाजवायचं नाही. पाच मिनिटं आणि बारा पैसे हे आकडे ज्याने त्याने आपल्या बिलाच्या आकारावरून ठरवावेत.

२०२२ च्या अखेरीपासून जवळजवळ दोन वर्षं डॉलर बहुतांशी ८२ ते ८४ मध्ये अडकून होता. त्या काळात अनेक कार्यालयांत अलर्ट बंद पडले आणि ते बंद पडल्याचं कुणाला कळलंही नाही. फॉरवर्डचा खर्च वायफळ वाटू लागला, बिलं खुली राहू लागली. मग डिसेंबर २०२४ मध्ये ८५ गेले. शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५ ला बाजार साडेशहाऐंशीच्या जरा वर बंद झाला, शनिवार-रविवारमध्ये अमेरिकेतून आयातशुल्काच्या बातम्या आल्या आणि सोमवारी, ३ फेब्रुवारीला भाव पहिल्यांदाच ८७ वर गेला. ज्याचा अलर्ट ८६.८० वर होता त्याच्यासाठी तो आकडा बाजारात जवळजवळ आलाच नाही, आधीच्या आणि पुढच्या भावांमधल्या फटीत पडून गेला. मुंबईचा बाजार बंद असताना सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्कमध्ये रुपयाचे सौदे चालूच असतात. त्यामुळे अशी फट ही नेहमीची गोष्ट आहे, आणि अलर्ट कितीही जलद असला तरी ती भरून काढता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात डॉलर पुन्हा ८४ च्या आसपास आला, ऑगस्टअखेर ८८ पार झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ९०. एप्रिलमध्ये वर्षभरासाठी एकच मर्यादा लिहून ठेवणाऱ्यांचा अलर्ट आधी महिनाभर वाजलाच नाही आणि पुढे वाजायचा थांबला नाही. तेव्हापासून जाणते आयातदार मर्यादा ऑर्डरगणिक ठेवतात, तीही दोन बाजूंनी. वरचा आकडा आला की निम्मं बिल लगेच बुक करायचं आणि उरलेल्यासाठी मालकाला फोन लावायचा. खालचा आकडा आला, म्हणजे डॉलर धरल्यापेक्षा स्वस्त मिळतोय, तर तीन-चतुर्थांश बुक करून टाकायचं. हा खालचा अलर्ट फार थोडे लावतात, कारण स्वस्त होत असलेली वस्तू उद्या आणखी स्वस्त होईल असं वाटत राहतं. मे २०२५ मध्ये ज्यांच्या फोनवर तो वाजला आणि ज्यांनी तो ऐकला, त्यांचा दिवाळीचा माल ८५ च्या आतल्या डॉलरने सुटला.